एओसी हवालदार एसकेटी ते गोदाम सुपरवायझर : रिझ्युमेतला सारांश तपासून द्याल का?

वाईकर

नमस्कार मंडळी. सेनेच्या आयुध कोरमध्ये, म्हणजे एओसीत, हवालदार आहे. ट्रेड एसकेटी, म्हणजे स्टोअरकीपर टेक्निकल. २४ वर्षं पूर्ण करून ३१ मार्चला पेन्शनवर येतोय. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात काम बघतोय. पोर्टलवरून तीसेक अर्ज टाकले. गोदामाच्या कामासाठी एकही फोन नाही. जे आले ते सगळे सिक्युरिटी सुपरवायझरसाठी.

रिझ्युमेच्या वर सारांश म्हणून हे लिहिलंय. रिझ्युमे इंग्रजीत आहे, इथे मराठीत टंकतोय:

"भारतीय सेनेत २४ वर्षांची गौरवशाली व निष्कलंक सेवा. शिस्तप्रिय, प्रामाणिक, कष्टाळू. कोणत्याही परिस्थितीत चोवीस तास काम करण्याची तयारी. एओसीमध्ये एसकेटी. एमटी स्टोअर हाउसचा एनसीओ इनचार्ज. सीआरव्ही, इश्यू व्हाउचर, बिन कार्ड, लेजर, स्टॉक टेकिंग बोर्ड, कंडेम्नेशन बोर्ड व एलएओ ऑडिट यांचा दांडगा अनुभव. डीओयूमध्ये ४ वर्षे. सेंटरला ३ वर्षे इन्स्ट्रक्टर. शेप-१. कॅरेक्टर एक्झम्प्लरी."

काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. वाईट वाटून घेणार नाही.

नाना_फलटण

जय हिंद. सिक्युरिटीचे फोन येतायत तर नाही का म्हणता? डीजीआरकडे, म्हणजे संरक्षण खात्याच्या पुनर्वसन संचालनालयाकडे, नोंदलेल्या एजन्सीत जा, पगार वेळेवर मिळतो. शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, सरकारी भरतीत माजी सैनिकांना राखीव जागा असतात, वयाची सवलतही आहे. खासगी कंपनीच्या मागे कशाला लागायचं?

वाईकर

नाना, नाव नोंदणार आहेच. पण २४ वर्षं स्टोअर केलंय, तेच पुढे करायचं आहे. प्रश्न सारांशाचा आहे.

गोदामवाला

तुमचा सारांश वाचून मला एवढंच कळलं की तुम्ही फौजी आहात. कोणतं काम, कसला माल, किती पसारा, यातलं काहीच कळलं नाही. पहिल्या दोन ओळी कुठल्याही निवृत्त जवानाच्या रिझ्युमेवर चिकटवल्या तरी चालतील. त्या वाचून कंपनीतल्या पोरापोरींच्या डोळ्यांसमोर गेटवरचा माणूस येतो, आणि फोन त्याच कामासाठी येतात. तिसऱ्या ओळीपासून तुम्ही खरं काम सांगता, पण ती भाषा डेपोबाहेर कोणाला येत नाही.

लिहायच्या आधी माहिती हवी. पुढच्या प्रश्नांची उत्तरं द्या, अंदाजे चालतील, फुगवलेली नकोत.

स्टोअर हाउसमध्ये नेमका कोणता माल होता आणि किती आयटम? हाताखाली किती माणसं, आणि त्यात वर्दीतली किती, सिव्हिलियन किती? दिवसाला किती व्हाउचर निघायचे? शेवटच्या स्टॉक टेकिंगमध्ये किती आयटमना फरक आला? कॉम्प्युटरवर स्वतः काय करता? आणि २४ वर्षांची फोड कशी आहे?

वाईकर

माल बी व्हेइकलच्या सुट्या भागांचा. स्टॅलियन, टाटा अडीच टनी, जिप्सी. माझ्याकडे साधारण २,३०० आयटम. हाताखाली ३ जवान आणि १४ सिव्हिलियन, त्यात २ स्टोअरकीपर आणि १२ ट्रेड्समन मेट. दिवसाला ५० ते ७० इश्यू व्हाउचर. शेवटच्या स्टॉक टेकिंगला ११ आयटमना फरक होता. कॉम्प्युटरवर खात्याच्या प्रणालीत व्हाउचर नोंदवतो, एक्सेल बऱ्यापैकी येतं. सॅप पाहिलेलं नाही.

पहिली १२ वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी स्टोअरचं काम, मग ३ वर्षं सेंटरला इन्स्ट्रक्टर, ४ वर्षं डीओयू, शेवटची ५ वर्षं आताच्या डेपोत इनचार्ज.

गोदामवाला

बघा, आता गोदाम दिसायला लागलं. हे सगळं तुमच्या सारांशात नव्हतंच.

एकेक शब्द घेतो, कारण इथे नुसता शब्दकोश लावून भागत नाही.

सीआरव्ही म्हणजे आमच्याकडचं जीआरएन. माल आला, मोजला, तपासला, हिशेबात घेतला, याचा कागद. माल कमी किंवा मोडका निघाल्यावर तुम्ही डिस्क्रिपन्सी रिपोर्ट करता, त्याला आम्ही पुरवठादारावरचा शॉर्टेज किंवा डॅमेज क्लेम म्हणतो. या दोन्हींसाठी रिझ्युमेत "आवक, तपासणी आणि तफावतीचा पाठपुरावा" लिहा. जीआरएन हा शब्द घाला, कारण पोर्टलवर तोच शोधला जातो.

स्टॉक टेकिंग बोर्ड म्हणजे आमचं फिजिकल व्हेरिफिकेशन. फरक एवढाच की बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा सगळं थांबवून मोजत बसत नाहीत, रोज थोडे थोडे आयटम मोजतात, त्याला सायकल काउंट म्हणतात. तुम्ही सायकल काउंट केलं नसेल तर तो शब्द वापरू नका. "१०० टक्के मोजणी" लिहा, ती तुमची खरी आहे आणि तिला किंमतही जास्त आहे.

एलएओ ऑडिट. एलएओ तुमच्या युनिटचा नसतो, रक्षा लेखा विभागाचा असतो. त्यामुळे "स्वतंत्र खात्याकडून होणारं लेखापरीक्षण" म्हणणं योग्य. आक्षेपांची उत्तरं तुम्ही स्वतः तयार करत असाल तर तेच लिहा. "ऑडिटचा दांडगा अनुभव" लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही ऑडिटर होतात.

कंडेम्नेशन बोर्डात बोर्ड निर्णय घेतो, तुम्ही माल वेगळा काढून, वर्गवारी करून, कागद तयार करून समोर ठेवता. म्हणून "स्क्रॅपची वर्गवारी आणि नोंद" एवढंच. "स्क्रॅप डिस्पोजल" लिहिलंत तर मुलाखतीत लिलाव, दर, पार्टी यांवर प्रश्न येतील आणि तुम्ही अडकाल.

डीओयू हा शब्द पूर्ण काढा. वर्कशॉप आणि युनिटना सुटे भाग पुरवणारं क्षेत्रीय वितरण केंद्र, असं म्हणा.

आणि एक शब्द मात्र अजिबात भाषांतर करू नका: व्हीओआर. गाडी भागाअभावी उभी आहे म्हणून आलेली तातडीची मागणी. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या धंद्यात हाच शब्द याच अर्थाने चालतो. डीलरकडून व्हीओआर ऑर्डर आली की गोदामात सगळे तिच्या मागे धावतात. तुम्ही तेच काम केलंय आणि सारांशात त्याचा पत्ताच नाही.

वाईकर

व्हीओआरचं डोक्यातच आलं नाही. आमच्यात ते इतकं रोजचं आहे की वेगळं लिहावं असं वाटलं नाही.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. गोदामवाले बरोबर सांगतायत, पण रँकचं कोणी बोलत नाहीये. हिशेब सरळ आहे. नाईक म्हणजे टीम लीडर, हवालदार म्हणजे सुपरवायझर, नायब सुभेदार म्हणजे असिस्टंट मॅनेजर, सुभेदार म्हणजे मॅनेजर. वाईकर, तुम्ही सरळ "वेअरहाउस सुपरवायझर" लिहा. आणि १५ वर्षांच्या वर सर्व्हिस आहे, म्हणजे तुम्ही ग्रॅज्युएटच्या बरोबरीचे. शिक्षणात "पदवीधर" टाका, जिथे पदवी मागतात तिथेही अर्ज जाईल.

एचआर_अपर्णा

सुभेदारसाहेब, पदवीच्या बाबतीत थांबा, यात लोक नोकरी गमावतात.

१५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला पदवीच्या बरोबरीचं मानण्याचा केंद्राचा आदेश १९८६ चा आहे आणि तो केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी आहे. खासगी कंपनीवर तो बंधनकारक नाही. कंपनीच्या फॉर्मवर "पदवीधर" लिहिलंत की पडताळणीवाले विद्यापीठाचं नाव आणि गुणपत्रक मागतात. ते नसलं की अहवालात शिक्षणाची माहिती खोटी असा शेरा येतो, आणि मग मागाहून दिलेला खुलासा सहसा कोणी ऐकत नाही. शिक्षणात जे आहे तेच लिहायचं: बारावी असेल तर बारावी, आणि खाली सेनेतले कोर्स. जाहिरातीत "पदवी किंवा समकक्ष" असेल तर अर्जासोबतच्या पत्रात सेवेची वर्षं मांडा, ते चालतं.

रँकच्या तक्त्याचंही तसंच. हवालदारासाठी सुपरवायझर हे इथे योगायोगाने जुळलं. पण एखादा हवालदार २४ वर्षं ड्रायव्हर असतो, एखादा क्लार्क, एखादा शेवटपर्यंत एकटाच तंत्रज्ञ म्हणून काम करतो. रँक एक, कामं वेगळी. पदाचं नाव रँकवरून ठरत नाही, कोणती नेमणूक होती आणि हाताखाली किती जण, यावरून ठरतं. वाईकरांकडे १७ माणसं आणि एक अख्खं स्टोअर हाउस होतं म्हणून ते सुपरवायझर.

निवृत्त_सुभेदार

१९८६ चं मान्य, मी सगळीकडे चालतं असं समजत होतो. पण रँकला काहीच किंमत नाही हे मला पटत नाही. हवालदार होण्यासाठी कॅडर करावं लागतं, माणूस उगाच वर येत नाही.

एचआर_अपर्णा

किंमत आहे, पण ती अनुभवाच्या भागात. सारांशात रँक लिहिल्याने नव्या वाचणाऱ्याला काही कळत नाही. माझ्याकडे रिझ्युमे चाळणारी मुलगी पंचविशीची असते, तिला नाईक आणि नायब सुभेदार यात वर कोण ते सांगता येत नाही. अनुभवाच्या मथळ्यात "स्टोअर हाउस प्रभारी, हवालदार, भारतीय सेना आयुध कोर" असं एकदा लिहा, बस्स.

आणि २४ वर्षं एकाच डब्यात घालू नका. "भारतीय सेना, २४ वर्षे" असा एकच गठ्ठा दिसला की वाचणाऱ्याला माणूस चोवीस वर्षं एकाच जागी बसलेला वाटतो. चार डबे करा: आत्ताची ५ वर्षं, डीओयूची ४, सेंटरची ३, आधीची १२. पहिल्या डब्याला पाच ओळी, शेवटच्याला दोन पुरे. कंपनीचं नाव चारही ठिकाणी तेच राहील, पदाचं नाव बदलेल. पोर्टलवर भरतानाही तसंच भरा, नाहीतर यंत्र सगळं एका नोकरीत जमा करतं.

गोदामवाला

अपर्णाताईंनी डब्यांचं सांगितलं, मी आकड्यांचं सांगतो.

२,३०० पैकी ११ आयटमना फरक म्हणजे २,२८९ जुळले. भागाकार केला की ९९.५२ टक्के. सारांशात ९९.५ लिहा. पण या आकड्यात एक खोच आहे. हा आयटमचा हिशेब आहे, किमतीचा नाही. त्या ११ मध्ये एखादं इंजिन असेंब्ली असेल तर किमतीने फरक मोठा निघू शकतो. कंपनीत विचारणारा बहुतेक किमतीचा हिशेब डोक्यात धरून विचारतो. म्हणून "९९.५ टक्के आयटम नोंदीशी जुळले" असंच लिहा, मोघम "९९.५ टक्के अचूकता" नको. मुलाखतीत हमखास विचारतील की ११ मध्ये मोजणीची चूक किती, नोंदीची किती, आणि प्रत्यक्ष कमी किती. ते आठवून ठेवा.

वाईकर

७ ठिकाणी व्हाउचर निघाला होता पण मोजणीच्या दिवसापर्यंत लेजरला चढला नव्हता. ३ ठिकाणी एकसारखे दिसणारे ऑइल सील एकमेकांच्या बिनमध्ये गेले होते. एक नग खरंच कमी निघाला.

गोदामवाला

हे उत्तर तुमच्या सारांशापेक्षा भारी आहे. पहिल्या सातांवर तुम्ही म्हणू शकता की मोजणीआधी व्हाउचर थांबवून सगळे चढवून घ्यायला हवे होते. आम्ही याला कट-ऑफ म्हणतो आणि आमच्याकडेही फरक बहुतेक वेळा तिथेच येतो. तीन सीलवर म्हणा की दिसायला सारखे भाग शेजारशेजारच्या बिनमध्ये ठेवू नयेत. एवढं बोललात की समोरच्याला कळतं हा माणूस खरंच रॅकमध्ये उभा राहिलेला आहे.

दुसरा आकडा, १४ सिव्हिलियन. हा लपवू नका, पुढे आणा. कंपनीतल्या लोकांची एक जुनी शंका असते की फौजी माणसाला फक्त हुकूम देता येतो, युनियनच्या कामगाराकडून काम कसं काढून घेणार? डेपोतले सिव्हिलियन कर्मचारी आर्मी ॲक्टखाली येत नाहीत, त्यांच्या संघटना आहेत, कामाचे तास ठरलेले आहेत. त्यांच्याकडून रोज ५० ते ७० इश्यू काढून घेतले असतील तर त्या शंकेला उत्तर मिळालं. "१७ जणांची टीम, त्यात १४ नागरी कर्मचारी" एवढे शब्द पुरे.

सिग्नलची_धाकटी

मध्येच विचारते. माझा भाऊ सिग्नल्समध्ये नाईक आहे, ऑप्टिकल फायबरच्या देखभालीवर. त्यानेही टीम लीडरच लिहायचं का? त्याच्या हाताखाली ४ जण असतात.

एचआर_अपर्णा

त्याने "फायबर मेंटेनन्स टेक्निशियन" लिहावं आणि ओळीत "४ जणांच्या पथकाचं नेतृत्व" घालावं. त्याचं मोल हातातल्या कामाला आहे: स्प्लायसिंग, ओटीडीआरवर बिघाड शोधणं. टीम लीडर लिहिलं तर कॉल सेंटरचे फोन येतील. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

जुना_लेजर

आकड्यांचं सगळं बरोबर, पण सांभाळून. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो. डेपोचं नाव, जागा, कोणत्या फॉर्मेशनला पुरवठा व्हायचा, कोणत्या गाड्या किती, यातलं काही रिझ्युमेत नको. पोर्टलवर टाकलेला रिझ्युमे कोण उतरवून घेतो ते आपल्याला माहीत नसतं. दारूगोळा किंवा हत्यारांचं स्टोअर असतं तर मी आयटमची संख्याही लिहू दिली नसती.

वाईकर

मग २,३०० लिहू की नको?

जुना_लेजर

माझ्या मते लिहू नका. "मोठं स्टोअर हाउस" म्हणा.

गोदामवाला

"मोठं" म्हणजे काय ते कोणालाच कळणार नाही. बी व्हेइकलचे भाग बाजारात मिळतात, त्यात गुपित काय? गोल आकडा घ्या: "२,००० हून अधिक". गाड्यांची नावंही लिहू नका, "जड आणि हलक्या वाहनांचे सुटे भाग" पुरे. शंका असेल तर जायच्या आधी तुमच्या युनिटच्या सिक्युरिटी ऑफिसरला कागद दाखवून घ्या, अजून वर्दीत आहात तोवर ते सोपं आहे.

जुना_लेजर

दाखवून घेणार असाल तर माझी हरकत नाही. न दाखवता नको.

वाईकर

दाखवतो. आता नवीन मसुदा:

"वाहनांच्या सुट्या भागांच्या गोदामाचा अनुभव असलेला स्टोअर्स सुपरवायझर. भारतीय सेनेत २४ वर्षे. शेवटची ५ वर्षे २,००० हून अधिक आयटमच्या गोदामाचा प्रभारी. १७ जणांची टीम, त्यात १४ नागरी कर्मचारी. रोज ५० ते ७० इश्यू, व्हीओआर मागण्यांना प्राधान्य. शेवटच्या १०० टक्के मोजणीत ९९.५ टक्के आयटम नोंदीशी जुळले. आवक तपासणी, जीआरएन, बिन लोकेशन, मुदतीच्या मालाचा क्रम, स्क्रॅपची वर्गवारी. एक्सेल, सॅप एमएम शिकणे सुरू. शिस्तप्रिय व प्रामाणिक. १ एप्रिलपासून उपलब्ध."

गोदामवाला

ऐंशी टक्के झालं. तीन गोष्टी.

सॅप खरंच शिकताय का? कुठे नाव घातलंय?

"मुदतीच्या मालाचा क्रम" म्हणजे नक्की काय केलं होतं?

आणि "शिस्तप्रिय व प्रामाणिक" परत आलंच. काढा. आकडे वाचून ते माणसाला आपोआप कळतं.

वाईकर

सॅपसाठी अजून नाव घातलेलं नाही, घालायचा विचार आहे. मुदतीचं म्हणजे रबरी नळ्या, ऑइल सील, टायर. बनावटीची तारीख बघून जुना माल आधी काढायचा, मुदत संपत आलेल्या मालाची यादी दर महिन्याला वर पाठवायची.

गोदामवाला

मग सॅप काढा. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, MIGO कशासाठी वापरतात? उत्तर आलं नाही की बाकी सगळ्या ओळींवरचा विश्वास उडतो. त्याऐवजी "संगणकप्रणालीवर व्हाउचर नोंदणी आणि एक्सेल" लिहा. वाचणाऱ्याला कळतं की स्क्रीन नवीन असेल, पण नोंदीची शिस्त आहे. सॅपच्या पडद्यावर बोट कुठे ठेवायचं ते शिकता येतं. माल हिशेबात घेतल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही ही सवय शिकवायला वर्षं जातात.

मुदतीचं तर सोनं आहे. "रबरी भागांचं मुदतीनुसार वितरण" असं लिहा आणि जवळ एफईएफओ, म्हणजे आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर, हा शब्द घाला. एफआयएफओ सगळेच लिहितात.

एक उणीव मात्र तुम्हाला माहीत असावी. सेनेत डेपोतून युनिटला माल जाताना विक्री होत नाही, त्यामुळे टॅक्स इन्व्हॉइस आणि ई-वे बिल तुमच्या हाताखालून गेलेलं नाही. गोदामात ते रोज लागतं. ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. सारांशात उणीव लिहायची नसते, पण विचारलं तर "केलेलं नाही, नियम वाचलेले आहेत" म्हणा. दोन संध्याकाळचं काम आहे.

एचआर_अपर्णा

शेप-१ आणि एक्झम्प्लरी तुम्ही काढलंत ते बरं केलंत. शेप-१ बाहेर कोणाला कळत नाही, आणि तब्येतीची माहिती रिझ्युमेत नकोच. एक्झम्प्लरी हा डिस्चार्ज बुकातला शेरा आहे, तो पडताळणीच्या वेळी दाखवायचा.

त्या पडताळणीबद्दल आधीच सांगते, कारण निवडले गेलेले फौजी तिथे महिनाभर अडकतात. आजकाल पडताळणीवाले पहिल्यांदा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागतात आणि ईपीएफओच्या नोंदीवरून आधीच्या नोकऱ्या तपासतात. सेनेतल्या माणसाला यूएएन नसतो, त्याचा पीएफ एएफपीपी फंडात असतो. फॉर्ममध्ये रकाना रिकामा राहिला की यंत्र पुढे जाऊ देत नाही, आणि मग कोणीतरी खोटा नंबर टाकतं. तसं करू नका. एचआरला मेल करा की सशस्त्र दलातली सेवा आहे, ईपीएफ लागू नव्हता, डिस्चार्ज बुकावरून पडताळणी करा. रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलं तर एओसीचं सिकंदराबादला आहे, उत्तराला वेळ लागतो, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

डिस्चार्ज बुकाची सगळी पानं पाठवायची नाहीत. त्यात कुटुंबाची माहिती, ओळखखुणा, पेन्शनचा तपशील असतो. सेवेचा कालावधी, ट्रेड आणि शेरा असलेली पानंच द्या, तीही ऑफर हातात आल्यावर.

वाईकर

समजलं. शेवटचा मसुदा:

"वाहनांच्या सुट्या भागांच्या गोदामाचा स्टोअर्स सुपरवायझर, भारतीय सेनेतील २४ वर्षांचा अनुभव. शेवटची ५ वर्षे २,००० हून अधिक आयटमच्या गोदामाचा प्रभारी. १७ जणांची टीम, त्यात १४ नागरी कर्मचारी. रोज ५० ते ७० इश्यू, व्हीओआर मागण्यांना प्राधान्य. शेवटच्या १०० टक्के मोजणीत ९९.५ टक्के आयटम नोंदीशी जुळले. आवक तपासणी व जीआरएन, बिन लोकेशन, रबरी भागांचे एफईएफओनुसार वितरण, स्क्रॅपची वर्गवारी, लेखापरीक्षणातील आक्षेपांचे निराकरण. संगणकप्रणालीवर व्हाउचर नोंदणी, एक्सेल. स्टोअर्स प्रशिक्षक म्हणून ३ वर्षे. १ एप्रिलपासून चाकण-तळेगाव-रांजणगाव परिसरात उपलब्ध."

गोदामवाला

हा माझ्या टेबलावर आला तर मी फोन करेन. एक करा, जाहिरातीत "स्टोअर्स" असेल तिथे स्टोअर्स ठेवा, "वेअरहाउस" असेल तिथे पहिल्या ओळीत वेअरहाउस करा. अर्थ तोच, पण शोधणारं यंत्र शब्दाला शब्द जुळवतं.

निवृत्त_सुभेदार

मसुदा छान झाला. तरी पहिल्या ओळीत "हवालदार" हवंच, असं माझं म्हणणं आहे. पुष्कळ कंपन्यांत ॲडमिन किंवा सिक्युरिटीचा प्रमुख निवृत्त कर्नल असतो. त्याच्या हातात कागद गेला तर तो आधी रँक शोधतो, मग कोर.

एचआर_अपर्णा

पण गोदामाच्या जागेसाठी कागद आधी त्याच्याकडे जात नाही, माझ्याकडे येतो.

निवृत्त_सुभेदार

ओळखीने दिला तर जातो. आणि निम्म्या नोकऱ्या ओळखीनेच लागतात.

वाईकर

दोन प्रती करतो. पोर्टलसाठी अपर्णाताईंची, हातोहात देण्यासाठी साहेबांची. सिक्युरिटी ऑफिसरना सोमवारी दोन्ही दाखवतो, ते २,००० च्या आकड्याबद्दल काय म्हणतात ते इथे लिहितो.